एकच गाडी, दोन भाव

या वेळी विषय सेकंडहँड दुचाकीचा. कोणत्या कंपनीची घ्यावी, हे मी सांगणार नाही. त्यावर घराघरांत पुरेशी भांडणं आहेत. समोर उभ्या असलेल्या गाडीची वाजवी किंमत किती, एवढंच बघायचं आहे. निमित्त माझ्या आतेभावाचं. तो बासरला राहतो, भैंशाला नोकरीला लागलाय, आणि गाडीसाठी आत्याने चाळीस हजार बाजूला काढून ठेवले होते. गाडी सापडली ती धर्माबादला, आतोबांच्या जुन्या मित्राकडे. "दादा, ओळखीतले आहेत, घासाघीस कशी करू?" असा त्याचा फोन आला. ओळखीच्या व्यवहारात घासाघीस नको असेल तर आकडा कसा आला ते दोघांनाही दिसलं पाहिजे, म्हणून आम्ही बसून हिशेब मांडला.

पहिला प्रश्न वयाचा. आपल्या भागात थोडंफार वय नंबरप्लेटच सांगते. एपी ०१ दिसलं तर गाडी जून २०१४ च्या आधीची, म्हणजे अखंड आंध्रातली. टीएस ०१ म्हणजे तेलंगणातला आदिलाबाद. ऑक्टोबर २०१६ मध्ये जिल्हा फुटला, बासर निर्मलमध्ये गेलं आणि इथल्या नव्या गाड्यांवर टीएस १८ आलं. मार्च २०२४ पासून टीएसच्या जागी टीजी. नदीपलीकडच्या निजामाबादच्या टीएस १६ गाड्याही बासरला भरपूर दिसतात आणि धर्माबादकडून येणाऱ्या अर्थातच एमएच २६. पण प्लेट हा नुसता अंदाज. खरी तारीख आरसीवर असते, आणि तिथे नोंदणीच्या तारखेबरोबर गाडी बनल्याचा महिनाही असतो. दोन्हींत सात-आठ महिन्यांचं अंतर असेल तर गाडी शोरूममध्ये पडून होती असं समजायचं आणि वय बनल्याच्या महिन्यापासून मोजायचं.

धर्माबादची गाडी शंभर सीसीची, नेहमीच्या खपाची, एमएच २६, पाच वर्षं पूर्ण झालेली. काकांचं म्हणणं सरळ होतं. "८२ हजाराला घेतली, पाच वर्षं वापरली, अर्धे धर. ४१ दे." ऐकायला पटतं. पण घोळ 'अर्धे' मध्ये नाही, ८२ मध्ये आहे. त्यांनी तेव्हा काय मोजलं याचा आजच्या भावाशी संबंध नाही. त्या ८२ हजारांत पाच वर्षांचा विमा होता, जो आता संपलाय, आणि सीट कव्हर, लेगगार्ड वगैरेही होतं. मोजायला सुरुवात करायची ती आज तीच किंवा तिच्या जागी आलेली गाडी नवी घेतली तर काय पडेल, इथून. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे आज शोरूममध्ये ७५ हजाराला असलेली गाडी आदल्या दिवशी साधारण ८१,४०० ला होती. नवी स्वस्त झाली की जुनीही उतरते. विकणाऱ्याला हे पचायला जड जातं, कारण त्याची गाडी एका रात्रीत काहीही न बिघडता उतरली.

तर पाया असा. शोरूमची किंमत ७५ हजार, आणि सोपं जावं म्हणून रस्ता कर गोल ९ हजार धरू. कर एकदाच भरायचा असतो आणि राज्य तेच राहिलं तर तो गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो, म्हणून तो मोजायचा. विमा मोजायचा नाही. बेरीज ८४ हजार.

आता वयाची घट. विमा कंपन्यांचा एक तक्ता आहे: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५०. पाच वर्षांपुढे तक्ताच नाही, कंपनी आणि गिऱ्हाईक यांनी आपसात ठरवायचं. पॉलिसीवर आयडीव्ही म्हणून छापलेला आकडा यातूनच येतो. पुष्कळ जण तोच बाजारभाव समजतात, पण तो गाडी चोरीला गेली किंवा पार चेचली तर काय द्यायचं याचा आकडा आहे. खपाच्या गाड्या बाजारात त्याच्या वर जातात, न खपणाऱ्या खाली. माझा ठोकताळा असा की पहिल्या वर्षी वीस टक्के आणि पुढे दर वर्षी उरलेल्या रकमेच्या दहा टक्के उतरवायचे. ८४ हजारांचे वर्षाने ६७,२०० होतात, दुसऱ्या वर्षाअखेर ६०,४८०, आणि असं करत पाचव्या वर्षाअखेर ४४ हजारांच्या आसपास.

हे ४४ हजार 'पाच वर्षांत जेवढी चालायला हवी तेवढी चाललेली, बरी ठेवलेली' गाडी गृहीत धरून आहेत. वर्षाला नऊ हजार किलोमीटर धरले तर ४५ हजार. काकांच्या मीटरवर ६२ हजार होते, म्हणजे १७ हजार जास्त. किलोमीटरचे पैसे कापताना लोक इथे दोनदा कापतात. एकदा "फार चाललीय" म्हणून आणि पुन्हा "टायर गेलाय, चेन गेलीय" म्हणून. टायर आणि चेन डोळ्यांना दिसतात, त्यांचा हिशेब वेगळा. किलोमीटरमध्ये फक्त न दिसणारी झीज धरायची: इंजिन, क्लच, गिअर. लाखभर किलोमीटरनंतर इंजिन खोलून पिस्टन, रिंग, क्लच प्लेट मिळून वीस-पंचवीस हजारांचं काम निघेल असं धरलं तर किलोमीटरला पंचवीस पैसे पडतात. जास्तीच्या १७ हजारांचे झाले ४,२५०.

उलट गाडी कमी चालली असेल तर? तेव्हा मी पंचवीस पैशांच्या निम्मेच वर चढवतो. उभ्या गाडीचे रबर कडक होतात, बॅटरी बसते, टाकीत आतून गंज धरतो. आणि कमी किलोमीटरवर आधी विश्वास ठेवू नये, कारण मीटर मागे फिरवणं फार अवघड नाही. टायरच्या बाजूला छोट्या चौकटीत चार आकडे असतात. 3222 असतील तर टायर २०२२ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनला. गाडी २०२० ची, मीटरवर १४ हजार, आणि दोन्ही टायर २०२४ चे असतील तर पहिले टायर कुठे गेले हे विचारायचं. पंक्चर आणि खिळ्यांनी एक जाऊ शकतो, दोन्ही सहसा जात नाहीत. पायाखालचं ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत आणि हँडलच्या मुठी नव्याकोऱ्या, हेही बोलकं असतं. सर्व्हिसिंगची बिलं असतील तर त्यांवर प्रत्येक वेळचे किलोमीटर लिहिलेले असतात, ते चढत गेलेले दिसले पाहिजेत. काकांकडे बिलं होती आणि मीटर खरा होता. त्यांनी गाडी खरंच वापरली होती.

आता दिसणारी स्थिती. "गाडी चांगली आहे" याला किंमत नसते. काय बदलावं लागेल आणि मेकॅनिक किती घेईल, याला असते. जाताना आधी सांगायचं की गाडी सुरू करून ठेवू नका. इंजिनला हात लावून ते थंड आहे हे बघायचं आणि मग किक मारायची. गरम इंजिन पुष्कळ दोष लपवतं. थंड असताना सुरू केल्यावर निळा धूर निघाला तर ऑइल जळतंय, आणि तशी गाडी मी हिशेबात धरतच नाही. मग पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे ढकलायची. हँडलच्या मुळाशी टक टक लागलं तर कोनसेट गेलाय. हँडल पूर्ण वळवून जिथे ते अडतं तो लोखंडी तुकडा बघायचा. तो चेपलेला किंवा पुन्हा वेल्डिंग केलेला असेल तर गाडी समोरून जोरात आपटलीय, वरचा रंग कितीही नवा असो. गोदाकाठच्या गावांत आणखी एक बघावं लागतं: सीटखाली वायरिंगच्या जोडांवर हिरवट गंज आणि हेडलाइटच्या आत मातीची रेघ. ती गाडी पाण्यात उभी राहिलेली आहे.

काकांच्या गाडीत कोनसेट गेलेला होता (७०० रुपये) आणि पुढच्या शॉकअपमधून ऑइल झिरपत होतं (९००). हे दोष आहेत, पूर्ण कापायचे. मागचा टायर, चेन-स्प्रॉकेट आणि बॅटरी संपत आले होते, मिळून ४,५००. हे मात्र मी निम्मेच कापतो, म्हणजे २,२५०. पाच वर्षांच्या कुठल्याही गाडीत या वस्तू अर्ध्या झिजलेल्या असणारच, आणि ती अर्धी झीज ४४ हजारांत आधीच आलेली आहे. पूर्ण कापले तर विकणाऱ्यावर अन्याय होतो. एकूण ३,८५०. म्हणजे ४४,००० मधून ४,२५० आणि ३,८५० गेले, राहिले ३५,९००. छत्तीस हजार धरू.

पण हा भाव धर्माबादला. बासरला नाही.

एमएचची गाडी तेलंगणात कायमची आणायची तर महाराष्ट्राच्या आरटीओकडून एनओसी घ्यावी लागते आणि इथे नवी नोंदणी करावी लागते. दुसऱ्या राज्याच्या नंबरवर बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवता येत नाही. नव्या नोंदणीबरोबर इथला कर पुन्हा भरावा लागतो, गाडीच्या वयाप्रमाणे कमी केलेला. तिकडे भरलेल्या कराचा काही भाग परत मागता येतो, पण त्या आशेवर भाव ठरवू नये. समजा इथला कर ५,५०० निघाला आणि एनओसी, फी, हेलपाटे मिळून दीड हजार. तर बासरच्या माणसाला तीच गाडी परवडते २९ हजाराला. गाडीत काही फरक नाही, सात हजार फक्त राज्याच्या सीमेचे. हा आकडा सौद्याआधी आरटीओत गाडीचं वय आणि किंमत सांगून काढून घ्यावा, कारण घासाघिशीत जे दोन-तीन हजार सुटतात त्यापेक्षा तो मोठा असतो.

भावाने कागद काकांसमोर ठेवला. त्यांनी किलोमीटरच्या पंचवीस पैशांवर हुज्जत घातली, जीएसटीवर उसासा टाकला, आणि म्हणाले, "तुझे २९ बरोबर आहेत, पण मी २९ ला का देऊ? मला इथेच ३५ मिळतील." तेही बरोबर होतं. त्यांनी ती धर्माबादमध्येच ३५ हजाराला दिली. भावाने पंधरा दिवस थांबून टीएस १६ ची, त्याच वयाची, ५० हजार चाललेली गाडी ३८ हजाराला घेतली. कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र आरसीवरच्या नोंदीशी जुळवून, थकलेली चलनं विकणाऱ्याकडून भरून घेऊन, मगच पैसे दिले. नाव तीस दिवसांच्या आत बदलून घ्यायचं असतं. विम्याचंही तसंच, तिथे मुदत चौदा दिवसांची.

हा हिशेब आठ-नऊ वर्षांपर्यंत बरा चालतो. त्यापुढे टक्केवारी सोडून द्यावी. एपी ०१ ची कुठलीही गाडी घ्या, तिची पंधरा वर्षांची नोंदणी उशिरात उशिरा जून २०२९ पर्यंत संपते, आणि पुढे चालवायची तर तपासणी आणि नूतनीकरण आलं. अशा गाडीला मी दोनच प्रश्न विचारतो: नोंदणीचे किती महिने उरलेत, आणि थंड असताना पहिल्या किकला सुरू होते का.