शॉटला ‘बहुधा’ म्हणता येत नाही

निवेदनात ‘असे म्हणतात’, ‘बहुधा’, ‘दामोदरच्या जबाबानुसार’ असे शब्द घालता येतात. कॅमेऱ्याला ही सोय नाही. गाडीला दोन घोडे दाखवले की ते दोनच होते, आणि आकाशात चंद्र दाखवला की तो होताच. तरीही आपल्याकडच्या ऐतिहासिक माहितीपटांच्या संहितांत पडताळणीच्या सगळ्या नोंदी निवेदनाच्या ओळींखाली असतात आणि पुनर्निर्मितीच्या शॉटसमोरचा रकाना कोरा असतो. पडताळणी शॉटवार व्हावी हे आमचे म्हणणे जुनेच आहे. या वेळी ते एका प्रसंगावर उलगडून दाखवतो.

प्रसंग सर्वांना ठाऊक असलेला, म्हणूनच धोक्याचा. २२ जून १८९७ची रात्र. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून पाहुणे गणेशखिंडीतल्या गव्हर्नमेंट हाउसमधून, म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीतून, परतत होते. प्लेग समितीचे प्रमुख रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर दामोदर आणि बाळकृष्ण या चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या त्या याच परतीच्या रस्त्यावर. चार मिनिटांच्या तुकड्याचा पहिला मसुदा साधारण असा असतो:

निवेदन: ‘दिवस मावळला होता. टेकड्यांवर होळ्या पेटल्या होत्या. गर्दीत दोन तरुण एका गाडीची वाट पाहत होते.’

दृश्य: दूरवर टेकडी आणि ज्वाळा. पुढे माणसांच्या पाठमोऱ्या आकृती. कॅमेरा त्यांच्यामधून सरकत दामोदरच्या चेहऱ्यावर थांबतो.

हे तपशील दामोदरच्या ८ ऑक्टोबर १८९७च्या जबाबातले आहेत. सात-साडेसातला आम्ही तिथे पोचलो, सूर्य मावळून अंधार पडू लागला होता, टेकड्यांवर जाळ होते, असे त्यात आहे. आज पुण्यात २२ जूनला सूर्य साधारण सात वाजून तेरा मिनिटांनी मावळतो. मग सातला अंधार कसा, म्हणून एखादा चोखंदळ सहायक जबाब चुकीचा ठरवून मोकळा होतो. पण भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली १९०६ मध्ये. पुण्याची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा सुमारे पस्तीस मिनिटे मागे. त्या घड्याळाने सूर्यास्त सहा-अडतीसच्या आसपास येतो आणि जबाब बरोबर जुळतो. या तपासणीतून दोन गोष्टी हाती लागतात. जबाबातली वेळ विश्वासार्ह वाटते, आणि हा शॉट सूर्यास्तानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासाच्या निळसर उजेडात घ्यायचा हे ठरते. पूर्ण काळोखात नव्हे.

याच गणिताने चंद्राचाही निकाल लागतो. ती ज्येष्ठ वद्य पक्षातली, अष्टमीच्या आसपासची रात्र. चंद्र अर्धा, उगवणार मध्यरात्रीच्या सुमाराला. पाहुण्यांच्या गाड्या निघाल्या त्याही मध्यरात्रीच्याच सुमाराला. म्हणजे डोक्यावरून येणारा निळा चंद्रप्रकाश, जो आपल्याकडे रात्रीचा ठोकळेबाज उजेड झाला आहे, इथे चालणार नाही. उजेड गाडीच्या दिव्यांचा आणि दूरच्या जाळाचा. ढग होते का, रस्ता ओला होता का, हे मात्र पंचांग सांगत नाही. त्यासाठी त्या आठवड्याच्या पावसाच्या नोंदी आणि वृत्तपत्रे पाहावी लागतील, आणि तोवर रस्त्यावर पाणी शिंपडून चकाकी आणण्याचा मोह आवरावा लागेल.

आता मुख्य शॉट.

निवेदन: ‘दामोदरच्या जबाबानुसार, तो फाटकापासून गाडीमागे दहा-पंधरा पावले अंतर ठेवून धावला. पिवळ्या बंगल्याजवळ त्याने हाक दिली.’

दृश्य: कॅमेरा गाडीच्या मागे, धावणाऱ्याच्या कमरेच्या उंचीवर. चाक, धूळ, हेलकावणारा दिवा. हात गाडीचा पडदा उचलतो. कट.

पहिला प्रश्न हाकेचा. लोकांच्या तोंडी आहे ‘गोंद्या आला रे’. जबाबातली हाक नुसती ‘गोंद्या’. नाटका-चित्रपटांनी रुळवलेले वाक्य कलाकाराच्या तोंडी घालायचे असेल, तर ते लोकस्मृतीतले आहे हे निवेदनात सांगायला हवे. आम्ही एकच शब्द ठेवू. धावून दम लागलेल्या माणसाच्या तोंडून तोच जास्त खरा वाटतो.

दुसरा प्रश्न अंतराचा, आणि तो सहसा कुणी विचारत नाही. फाटक ते पिवळा बंगला किती लांब? दुडक्या चालीची घोडागाडी तासाला बारा किलोमीटर धरली, तर तीनशे मीटरला दीड मिनिट लागते. अंतर त्याच्या तिप्पट असेल तर तो साडेचार मिनिटांचा पाठलाग होतो. तेवढा वेळ गाडीमागे धावणारा माणूस कुणाच्याच नजरेला का पडला नाही, हे मग दृश्यातून पटवावे लागेल. म्हणून बंगल्याची जागा जुन्या नकाशावर निश्चित केल्याखेरीज या शॉटची लांबी ठरवू नये. प्रत्यक्ष जागेवर चित्रीकरणाचा हट्टही नको. विद्यापीठ चौकाचे रूप इतके पालटले आहे की तिथे घेतलेला शॉट उलट खोटा दिसेल.

तिसरा प्रश्न गोळीचा. जबाब म्हणतो, पडदा उचलून वीतभर अंतरावरून गोळी झाडली. इथे दामोदरचे तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त दुसरा पुरावा म्हणून जोडले जाते. माणूस एकच, कोठडीही इंग्रजांचीच. दोन कागद जुळले म्हणून दोन साक्षीदार होत नाहीत. खरा दुसरा साक्षीदार म्हणजे खटल्यातली वैद्यकीय साक्ष: जखम कुठे, गोळीची दिशा कोणती, कातडी वा कपडा भाजला होता का. वीतभरावरून झाडलेल्या गोळीची खूण राहतेच. ते कागद मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात आणि तेव्हाच्या वृत्तपत्रांच्या फायलींत शोधायचे. हाती लागले नाहीत, तर कॅमेरा गाडीबाहेर ठेवायचा आणि पडदा उचलण्यावरच कट करायचा. सुरक्षेच्या दृष्टीनेही तेच बरे, कारण वीतभरावरून झाडलेले कोरे काडतूसही माणसाला गंभीर इजा करू शकते. पिस्तूल कोणत्या बनावटीचे हे कळेपर्यंत त्याचा जवळून शॉट नकोच. तेव्हाच्या बहुतेक काडतुसांत काळी दारू असे, त्यामुळे धूर दाट आणि पांढरा दाखवणे मात्र चुकणार नाही.

तलवारींचा शॉट जवळजवळ प्रत्येक मसुद्यात असतो. दोघांनी तलवारी आणल्या होत्या, बाळकृष्णाकडे कुऱ्हाडही होती, पण गर्दीत त्या अडचणीच्या ठरल्यावर दगडी मोरीखाली ठेवून दिल्या, असे जबाब सांगतो. म्हणजे हल्ल्याच्या क्षणी हातात तलवार दाखवणे चूक. मोरीखाली शस्त्रे सरकवणारे हात हा शॉट मात्र सोन्यासारखा आहे, आणि बेत ऐन वेळी कसा बदलत गेला हे तो निवेदनाशिवाय सांगतो.

बेत पुढेही बदलला. दोघांनी मिळून रँडवरच गोळ्या झाडायच्या होत्या. बाळकृष्ण मागे पडला, रँडची गाडी पुढे गेली, मागच्या गाडीतले लोक कुजबुजताहेत असा त्याला संशय आला आणि त्याने त्यातल्या एकाच्या डोक्यावर गोळी झाडली. तो आयर्स्ट. हे सारे दामोदर सांगतो, आणि तो तेव्हा पुढच्या गाडीपाशी होता. त्यामुळे ही कुजबुज बाळकृष्णाच्या नजरेतून दाखवायची झाल्यास त्याचा स्वतःचा जबाब वाचावा लागेल. तोवर ती निवेदनात ऐकू यावी आणि पडद्यावर फक्त मागच्या गाडीचे दिवे दिसावेत.

शेवटची दुरुस्ती संकलनातली आहे. आयर्स्ट जागीच गेला. रँडचा मृत्यू ससून रुग्णालयात ३ जुलैला झाला. दोन गोळ्या, दोन कोसळणारे देह आणि काळा पडदा अशी जोडणी केली, तर प्रत्येक शॉट खरा असूनही क्रम खोटे सांगतो. मधले अकरा दिवस दाखवायला पुनर्निर्मितीची गरज नाही. त्या दिवसांतल्या वृत्तपत्रांच्या अंकांची पाने तारखेसकट एकामागोमाग उलटावीत. ती मिळवण्याचे काम चित्रीकरणाच्या आधीच्या यादीत घालावे.