भटकंती : आधी उतार की आधी चढ?

मंडळी, देशातून घरची वडीलधारी माणसं आली की शेनँडोआची सहल ठरलेलीच. स्कायलाइन ड्राइव्हवर गाडीतून फिरणं सगळ्यांनाच झेपतं. प्रश्न येतो तो पायी कुठे जायचं याचा.

एकदा आम्ही मावशीला डार्क हॉलो धबधब्याला घेऊन गेलो. जाऊन-येऊन जेमतेम १.४ मैल, चढ ४४० फूट. पार्कवाल्यांचा एक हिशेब आहे: मैल गुणिले चढाचे फूट, त्याची दुप्पट, आणि त्याचं वर्गमूळ. उत्तर ५० च्या आत आलं तर वाट सर्वांत सोप्या वर्गात. इथे उत्तर येतं ३५. आम्ही निर्धास्त!

खाली पोचायला पाऊण तासही लागला नाही. धबधबा पाहून मावशी खूश झाली. पण परतताना दर वळणावर थांबणं आलं, आणि वर यायला दीड तास लागला. धापा टाकत ती म्हणाली, "अरे, सिंहगडावर आधी चढतो, मग दमल्यावर उतार मिळतो. तुमच्याकडे सगळं उलटंच!"

मावशीचं बरोबर होतं. चढ आधी आहे की शेवटी, हे त्या आकड्यात दिसत नाही. शिवाय तो सगळा चढ परतीच्या ०.७ मैलातच आहे, म्हणजे दर शंभर फुटांना सुमारे बारा फूट.

स्टोनी मॅनचा आकडा जवळजवळ तेवढाच, ३३. पण तिथे चढ आधी आहे आणि थोडा सौम्यही, शंभराला आठ. कोणी अर्ध्यावर दमलं तर मागे फिरावं, गाडीपर्यंत उतारच आहे. माथ्यावरून शेनँडोआ खोरं छान दिसतं. मात्र कडा उघडा आहे, मुलांचा हात सोडू नये. उन्हाळ्यात दुपारनंतर विजांचा पाऊस येतो, म्हणून ही वाट सकाळीच करावी. गडगडाट ऐकू आला तर माथा लगेच सोडावा.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी लिंबरलॉस्ट: १.३ मैलांचा फेरा, चढ फक्त १३० फूट, दाबून बसवलेली बारीक खडी आणि जागोजागी बाकं. देखावा नाही, पण जूनमध्ये माउंटन लॉरेल फुलतं.

तेव्हा आम्ही आता असं करतो. सकाळी सगळे मिळून स्टोनी मॅन, ज्यांना नको ते लिंबरलॉस्टला. डार्क हॉलो फक्त दमदार मंडळींसाठी, तेही वसंतात किंवा चांगला पाऊस होऊन गेल्यावर, कारण उन्हाळा सरता सरता पाणी रोडावतं. वाट ओली असेल तर दगड निसरडे होतात, तेव्हा चपला नकोत. उतरताना घड्याळ पाहावं आणि वर यायला दुप्पट वेळ धरावा. आणि वर माथ्याकडे खालच्यापेक्षा दहाएक अंश फॅरनहाइट गार असतं, तेव्हा मावशीची शाल गाडीत विसरू नका!