दोन फासे आणि छत्तीस घरे

श्रावणसरींनी कर्वेनगरातील मैदानाचे तळे केले की मुलांच्या बॅटी दाराआड जातात आणि घरात ‘बुक क्रिकेट’ सुरू होते. पुस्तक उघडावे, डाव्या पानाच्या क्रमांकाचा शेवटचा अंक धाव म्हणून मोजावा, शून्य आले की बाद. वाचकांपैकी अनेकांनी वर्गात मागच्या बाकावर हे केले असेल. मात्र डावीकडे सम अंकच येतात. पाचांत एक शून्य. म्हणजे सरासरी पाचव्या चेंडूला गडी जातो आणि संघ साडेआठ षटकांतच आटोपतो. एकच फासा घेतला तरी सहांत एक बाद. डाव दहा षटकांचा.

म्हणून आम्ही लाल व पांढरा असे दोन फासे घेतले. आईंच्या कपाळावर आठी पडली, कारण सप्तव्यसनांत पहिले नाव द्यूताचे! पैज लावायची नाही, या अटीवर संमती मिळाली. फाशांची बेरीज करू नये. बेरजेत सात वारंवार येतो, दोन क्वचित. लाल आधी, पांढरा नंतर असे वाचले की ११ पासून ६६ पर्यंत समान संधीची छत्तीस घरे मिळतात. त्यांत निर्धाव सतरा, एकेरी अकरा, लेगबाय एक, दुहेरी दोन, चौकार तीन, षटकार एक आणि बाद फक्त एक. छत्तीस चेंडूंत चौतीस धावा, म्हणजे पन्नास षटकांत सुमारे दोनशे ऐंशी आणि आठ-एक गडी. हा खरा एकदिवसीय सामना वाटतो.

खेळपट्टी बदलायची असेल तर गहुंजे घ्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये तेथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताचे दोन डाव १०५ आणि १०७ धावांत संपले; २० गडी ४४४ चेंडूंत, म्हणजे बावीस चेंडूंना एक. त्यासाठी एका निर्धाव घराला ‘अपील’ म्हणावे. ते आले की एक फासा पुन्हा टाकावा. चारपर्यंत अंक आला तर बाद. गणित जवळजवळ बावीसवरच येते.

खरा वाद मात्र धावपत्रकात होतो. ते आपल्या रोजमेळासारखे दोन्ही बाजूंनी जुळले पाहिजे. परवा फलंदाजांच्या धावा २७१, लेगबाय ९, एकूण २८० झाल्या. लेगबाय गोलंदाजाच्या नावे पडत नाहीत, म्हणून गोलंदाजांकडे २७१ हव्या होत्या, भरल्या २६७. बहीणभावांत तोंडे फिरली. मग प्रत्येक षटकातील खुणा मोजल्या. एकतिसाव्या षटकात सहाऐवजी पाचच खुणा निघाल्या. चौकार फलंदाजाच्या खात्यात जमा झाला होता, गोलंदाजाच्या नावे टाकायचा राहिला होता. चार मांडले, ताळा जुळला आणि दुसरा डाव सुरू झाला.