आपल्या लग्नाची यादी सरकारला कशाला हवी?

2017 च्या शेवटी सोमाटणे फाट्यावरच्या मोबाइलच्या दुकानांत रोज रांग असायची. सिम कार्ड आधारशी जोडा, नाहीतर नंबर बंद होईल, असे मेसेज सगळ्यांना येत होते. मीही रांगेत उभा राहून मशीनवर अंगठा टेकवला. हे कोणत्या कायद्याने विचारताय, असा प्रश्न मला सुचला नाही. रांगेतल्या कोणालाच सुचला नाही.

तो प्रश्न नंतर सर्वोच्च न्यायालयाने विचारला. 26 सप्टेंबर 2018 च्या आधार निकालात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितले की सिमला आधार जोडण्याची सक्ती दूरसंचार विभागाच्या 23 मार्च 2017 च्या एका परिपत्रकावर उभी होती आणि त्यामागे कोणताही कायदा नव्हता. म्हणून ती सक्ती घटनाबाह्य ठरली. ज्याला आम्ही कायदा समजून अंगठा दिला, तो एका खात्याचा कागद होता.

ही आठवण काढायचे कारण आहे. आपल्या ओळखीतल्या एका मुलाने परवा मला विचारले, "भाई, आपल्याकडे लपवण्यासारखं काही नाही. मग सरकारने माहिती घेतली तर बिघडतं कुठे?" प्रश्न प्रामाणिक होता. त्याचे उत्तर महाराष्ट्रातल्याच एका शासन निर्णयाच्या आधाराने देतो, कारण त्यात ज्यांची माहिती गोळा करायची होती ते आपल्यातलेच, आपल्या वयाचे लोक आहेत.

13 डिसेंबर 2022 रोजी राज्याच्या महिला व बालविकास विभागाने एक जी.आर. काढला. त्याने मंत्री मंगलप्रभात लोढा यांच्या अध्यक्षतेखाली आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांसाठी एक समन्वय समिती नेमली. अशी लग्ने नोंदणी कार्यालयात झालेली असोत, धार्मिक स्थळी झालेली असोत की पळून जाऊन झालेली असोत, त्यांची माहिती जिल्ह्यांकडून मागवायची. मुलगी माहेरच्यांच्या संपर्कात आहे का ते पाहायचे. नसेल तर आईवडिलांचा पत्ता मिळवून दोन्ही बाजूंना समुपदेशन द्यायचे, असे त्याचे स्वरूप होते. दोनच दिवसांनी, 15 डिसेंबरला, दुरुस्ती आली आणि 'आंतरजातीय' हा शब्द गेला. उरली ती फक्त आंतरधर्मीय लग्ने. समाजवादी पक्षाचे आमदार रईस शेख यांनी या निर्णयाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. इथे मी न्यायालयाचा निकाल सांगत नाही. न्यायालय ज्या मापाने असे प्रश्न मोजते, ते माप या जी.आर.ला लावून पाहतो.

ते माप 24 ऑगस्ट 2017 च्या पुट्टस्वामी निकालातून आले. नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की खाजगीपणा हा घटनेच्या अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. कोणाशी लग्न करायचे, घर कसे चालवायचे, हे निर्णय त्यात येतात. पण हा हक्क अमर्याद नाही. सरकार त्यात हात घालू शकते, मात्र त्याला काही प्रश्नांची उत्तरे क्रमाने द्यावी लागतात. यालाच प्रमाणबद्धतेची कसोटी म्हणतात.

पहिला प्रश्न: यामागे कायदा आहे का? इथे कायदा म्हणजे विधिमंडळाने किंवा संसदेने चर्चा करून केलेला कायदा, किंवा त्या कायद्याने दिलेल्या अधिकारातून निघालेला नियम. जी.आर. हा प्रशासनाचा आदेश असतो. समिती नेमायला, योजना चालवायला तो पुरतो. नागरिकाचा मूलभूत हक्क आवळायला तो पुरत नाही. सिमचे परिपत्रक नेमके इथेच पडले होते. ही नुसती तांत्रिक बाब नाही. कायदा करायचा तर विधेयक मांडावे लागते. ही माहिती कोण पाहणार, किती वर्षे ठेवणार, चुकीच्या हाती गेली तर शिक्षा कोणाला, हे विरोधी आमदार सभागृहात विचारू शकतात. जी.आर. सहीने निघतो आणि तो निघाल्यावरच आपल्याला कळतो.

दुसरा प्रश्न: हेतू रास्त आहे का? इथे मी सरकारला पूर्ण गुण देतो. घरच्यांशी नाते तुटलेली मुलगी सासरी मार खात असेल तर तिला आधार मिळाला पाहिजे, याबद्दल दुमत असू नये. न्यायालयेही या पायरीवर सहसा सरकारचे म्हणणे मान्य करतात. त्यामुळे हेतूवर वाद घालण्यात आपली सगळी ताकद घालवण्यात अर्थ नाही. खरी परीक्षा पुढे आहे.

तिसरा प्रश्न: हा उपाय त्या हेतूपर्यंत पोचतो का? या समितीची चर्चा सुरू झाली ती वसईच्या एका तरुणीच्या दिल्लीत झालेल्या खुनानंतर. तो खून भयंकर होता. पण ती तरुणी आणि आरोपी लग्न न करता एकत्र राहत होते. म्हणजे लग्नांची कितीही बारीक यादी केली असती तरी तिचे नाव त्या यादीत आलेच नसते. दुसरे असे की घरगुती हिंसा धर्म पाहून होत नाही. आईवडिलांनी ठरवून, एकाच जातीत लावून दिलेल्या लग्नातही ती होते. आणि माहेर तुटणे हीच काळजी असेल, तर आंतरजातीय लग्नांत माहेर तुटत नाही का? तरीही ती लग्ने दोन दिवसांत वगळली गेली. हेतू सांगितला हिंसेचा आणि चाळणी लावली धर्माची. ही दोन्ही एकमेकांना जुळत नाहीत.

चौथा प्रश्न: यापेक्षा कमी घुसखोरीचा, पण तितकाच उपयोगी मार्ग होता का? त्या तरुणीने नोव्हेंबर 2020 मध्ये तुळिंज पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली होती. आपल्याला मारले जाते आणि जिवाला धोका आहे, असे तिने त्यात लिहिले होते. नंतर तिने वाद मिटल्याचे लिहून दिले आणि प्रकरण तिथेच थांबले. म्हणजे माहिती कमी पडली नव्हती. माहिती पोलीस ठाण्यात पोचली होती आणि तिचा पाठपुरावा झाला नाही. 2005 च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यात संरक्षण अधिकारी आहेत, 181 ही महिलांची हेल्पलाइन आहे. बाई स्वतः मदत मागते आणि सरकार तिच्याकडे जाते, हा तो कमी घुसखोरीचा मार्ग. तो आधी नीट चालवून पाहायला हवा होता. मदत न मागणाऱ्या प्रत्येक जोडप्याच्या दारात जाण्याची गरज त्यानंतरच सिद्ध होऊ शकली असती.

इथे आधार निकालातला दुसरा धडा कामाला येतो. सिमप्रमाणेच बँक खात्याला आधार जोडण्याचीही सक्ती होती. त्यामागे मात्र कायद्याखालचा नियम होता आणि काळा पैसा रोखण्याचा हेतूही रास्त होता. तरी ती रद्द झाली, कारण काही लोक पैशांची अफरातफर करतात म्हणून देशातल्या प्रत्येक खातेदाराला संशयित धरणे बहुमताला प्रमाणाबाहेरचे वाटले. जो तर्क बँक खात्याला लागू होतो, तो लग्नाला लागू व्हायला नको का? काही नवरे मारतात, म्हणून एका प्रकारच्या सगळ्याच लग्नांवर नजर ठेवायची?

शेवटचा प्रश्न तराजूचा: सरकारला मिळणारा फायदा जास्त की माणसाचे होणारे नुकसान? 2013 साली नगर जिल्ह्यातल्या सोनईत तीन दलित तरुणांची हत्या झाली. त्यातल्या एकाचे सवर्ण मुलीवर प्रेम होते आणि मारणारे तिच्या घरचे होते. अशा घरातून निघून आलेल्या मुलीचा ठावठिकाणा सरकारी समितीमार्फत माहेरपर्यंत पोचला तर काय होईल, याचा विचार करा. म्हणूनच 2018 च्या शक्ती वाहिनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारा आणि विशेष कक्ष उभारायला सांगितले. ते काम जोडप्याला लपवून ठेवण्याचे आहे. यादीचे काम त्याच्या बरोबर उलटे.

आता एक गोष्ट आपल्याच लोकांना सांगायची आहे. आंतरधर्मीय लग्न आपल्याकडच्या अनेक वडीलधाऱ्यांना मान्य नाही आणि ते मत बाळगण्याचा त्यांना हक्क आहे. काहींना वाटते, ठेवू द्या सरकारला यादी, आपल्यालाही हेच हवे होते. पण या कसोटीत लग्न चांगले की वाईट हा प्रश्न कुठेच येत नाही. आज आपल्याला न आवडणाऱ्या जोडप्याची यादी करायला एक जी.आर. पुरतो असे आपण मान्य केले, तर उद्या आपल्या मदरशातल्या मुलांची किंवा भाडेकरूंची यादी करायलाही तो पुरेल.

याचा अर्थ प्रत्येक फॉर्मला नकार द्यायचा असा नाही. जनगणनेत धर्म विचारतात. पण त्यामागे 1948 चा जनगणना कायदा आहे, प्रश्न सगळ्यांना एकच असतात आणि कलम 15 नुसार तुमचे वैयक्तिक उत्तर कोणी पाहू शकत नाही, कोर्टात पुरावा म्हणूनही ते वापरता येत नाही. प्रश्न तोच, पण चौकट वेगळी. ही कसोटी म्हणजे जादूची कांडीही नाही. त्याच आधार निकालात बहुमताने रेशनसारख्या सरकारी लाभांसाठी आधारची सक्ती टिकवली आणि न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी त्याला असहमती नोंदवली. तेच माप दोन न्यायाधीशांच्या हातात वेगळे मोजू शकते.

म्हणून त्या मुलाला मी इतकेच सांगितले: लपवण्यासारखे काही नसले तरी विचारण्यासारखे पुष्कळ आहे. कोणी माहिती मागायला दारात आले तर सभ्यपणे विचार, कोणत्या कायद्याने, कशासाठी, आणि ही कोणाकोणाला दिसणार? शक्य असेल तर आदेशाची प्रत माग. सोमाटणे फाट्यावरच्या त्या रांगेत आम्ही कोणीच हे विचारले नव्हते.