चमचा की चिमुकली मूठ?

सध्या नांदेड-लातूरकडच्या आमच्या गोतावळ्यात वाद रंगलाय: सहा महिन्यांच्या बाळाला चमच्याने भरवायचं की स्वतःच्या हाताने खाऊ द्यायचं? माझं मत, आधी बाळाकडे बघा. मान सावरून बसतं, वस्तू उचलून तोंडात नेतं? मग बोटांत सहज चेपेल असा उकडलेल्या गाजराचा लांबट तुकडा हातात द्या. उमासा आला, खोकलं तर ते स्वतःच घास सावरतंय. आवाजच बंद झाला तर मात्र घास अडकलाय. लगेच पालथं धरून पाठीवर थापट्या द्या. शेंगदाणे, कडक भाकरी नकोच.

पण गाजरात लोह फारसं नाही, आणि सुरुवातीला निम्मं खाली सांडतं. म्हणून दाट वरणात कुस्करलेली भाकरी, अंडं चमच्याने भरवावं. तोंड फिरवलं की थांबावं. वजन वाढत नसेल तर चमच्यावरच भर. असो, दोन्ही चालतं; खाताना बाळाला एकटं सोडणं तेवढं चालत नाही.