खरेदीचा आकडा शेवटी काढा

प्रति,
वाणिज्य अभ्यास मंडळ,
संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ, अमरावती



मी मारेगावात छोट्या धंद्यांचे हिशेब पाहतो. आपली बी.कॉम. झालेली मुले चालू धंद्याच्या खरेदीचे गणित झटपट सोडवतात, कारण ‘मालमत्ता अमुक किमतीला घेतली’ हे वाक्य गणितातच दिलेले असते. खरे काम तर ते वाक्य लिहिण्याआधीचे.

एक कल्पित जिनिंग घ्या. विक्रेत्याच्या वहीत इमारत आणि जागा ४० लाख, यंत्रे ३०, कापूस-सरकीचा साठा २० आणि येणे १५ लाख. देण्यात धनको १८ आणि बँकेचे कर्ज २२ लाख. सौदा ७० लाखांत ठरला. वहीप्रमाणे निव्वळ मालमत्ता ६५ लाख, म्हणून ख्याती ५ लाख. कारकून इथेच थांबतो.

पण घेणाऱ्याच्या वहीत विक्रेत्याची जुनी किंमत येत नाही, खरेदीच्या दिवशीची वाजवी किंमत येते. रस्त्यालगतची जागा आणि इमारत ६० लाखांची ठरली, झिजलेली यंत्रे १८ची, भिजलेला माल वगळून साठा १७चा, आणि बुडीत येणी सोडून वसूल होणारे १२ लाख. शिवाय मजुरांची ग्रॅच्युइटी व वीजबिलाची थकबाकी मिळून ५ लाख, जे वहीत कुठेच नव्हते. मालमत्ता १०७, देणी ४५, निव्वळ ६२. ख्याती ८ लाख.

नोंद अशी: इमारत ६०, यंत्रे १८, साठा १७, येणे १२, ख्याती ८ नावे, धनको १८, कर्ज २२, थकीत देणी ५, विक्रेता ७० जमा. दोन्ही बाजू ११५. पुढे विक्रेत्याला पैसे दिले की त्याचे खाते बंद.

हाच सौदा ५५ लाखांत झाला असता तर ७ लाखांचा भांडवली राखीव निधी निघाला असता. तो नफा-तोटा खात्यात टाकायचा नाही, हे मुलांना ठाऊक असते. पण स्वस्त मिळाले की आधी एखादे देणे सुटले का ते शोधावे, हे कोणी सांगत नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ८५ नुसार हस्तांतरापूर्वीच्या थकीत करासाठी विकणारा आणि घेणारा दोघेही जबाबदार धरले जातात. असे देणे सापडले की सात लाखांचे पाच किंवा तीन होतात. कधी तर चक्क ख्याती निघते.

उलट बाजूची खोडीही सांगतो. २०२१च्या वित्त कायद्याने ख्यातीवरचा घसारा प्राप्तिकरासाठी बंद केला. तेव्हापासून ख्यातीतले काही लाख यंत्रांच्या किमतीत ढकलण्याचा मोह वाढला आहे, कारण यंत्रांवर घसारा मिळतो. मूल्यांकनाचा कागद नसलेली गोल रकमेची यंत्रे दिसली की मला शंका येते.

म्हणून विनंती: सराव परीक्षेत एकदा तरी तयार किमती देऊ नका. जुना ताळेबंद, साठ्याची मोजणी, येणेकऱ्यांची यादी, वीजबिल आणि कराराची प्रत एवढेच द्या. आकडे मुलांनाच काढू द्या, आणि गुण देताना उत्तरापेक्षा प्रत्येक किमतीमागचे कारण तपासा.

आपला,
एक हिशेबनीस, मारेगाव