जर्मन शाळेच्या रिझल्टमध्ये गणितात २ मिळाले म्हणजे नेमके किती टक्के?

फॅमिली ग्रुपवर जर्मनीतल्या नातवाच्या रिझल्टचा फोटो येतो. गणित २, जर्मन भाषा ३, इंग्रजी २, भौतिकशास्त्र १. इकडे पुण्या-साताऱ्यात बसलेल्या आजोबांना वाटतं, पोरगं नापास झालं की काय! मग कुणीतरी हिशोब करतं, "६ पैकी २, म्हणजे ३३ टक्के."

हा हिशोब चुकीचा आहे. कारण जर्मन शाळेत १ हा सगळ्यात चांगला ग्रेड असतो आणि ६ सगळ्यात वाईट.

ग्रुपवरच्या गैरसमजावर हसून विषय संपवता येतो. पण तेच कुटुंब भारतात परत येणार असेल आणि मुलाला इथे अकरावीत प्रवेश हवा असेल, तर हाच फोटो ॲडमिशन ऑफिसच्या टेबलावर जातो. तिथे विचारतात, "टक्के किती?" आणि त्या कागदावर टक्के कुठेच नसतात.

मग टक्के काढायचे कसे? आणि निघालेल्या आकड्यावर विश्वास किती ठेवायचा?

आधी आकड्यांचा अर्थ

जर्मन शाळांमध्ये दहावीपर्यंत साधारण १ ते ६ असे ग्रेड असतात. १ म्हणजे अतिशय चांगलं, २ चांगलं, ३ समाधानकारक, ४ पुरेसं. ५ आणि ६ म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी. आपल्याकडच्या ३५ मार्कांची जागा तिथे ४ ला आहे. म्हणजे ३ मिळालेलं मूल काठावर पास झालेलं नाही, ते मधल्या गटात आरामात बसतं.

शेवटच्या दोन वर्षांत, म्हणजे अबिटूर या परीक्षेच्या टप्प्यात, पद्धत उलटी होते. तिथे ० ते १५ पॉइंट असतात आणि १५ सगळ्यात जास्त. १३ ते १५ पॉइंट म्हणजे ग्रेड १, १० ते १२ म्हणजे २, ७ ते ९ म्हणजे ३, ४ ते ६ म्हणजे ४.

त्यामुळे फोटो हातात आल्यावर पहिला प्रश्न हा, की हे ग्रेड आहेत की पॉइंट? एखाद्या विषयासमोर ८ दिसला, तर तो पॉइंटच असणार, कारण ग्रेड ६ वर संपतात. पण ३ दिसला तर? ग्रेड असेल तर ठीकठाक, पॉइंट असेल तर नापासाच्या बाजूला. हे ठरवण्यासाठी कागदावर इयत्ता बघा आणि शक्यतो मागच्या पानाचा फोटोही मागवा. आकड्यांचा खुलासा बऱ्याचदा तिथेच बारीक अक्षरात छापलेला असतो.

आता गणित करू

परदेशी मार्कांचं जर्मन ग्रेडमध्ये रूपांतर करण्यासाठी तिकडची विद्यापीठं एक सूत्र वापरतात. त्याला सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणतात. जर्मनीत मास्टर्ससाठी अर्ज केलेल्या अनेक मराठी मुलांना ते पाठ असतं. तेच उलटं फिरवलं की टक्के मिळतात. कमाल मार्क १०० आणि पासिंग ३५ धरलं तर:

```
टक्के = १०० − ((ग्रेड − १) ÷ ३) × (१०० − ३५)
```

समजा, दहावीच्या मुलीचा रिझल्ट असा आहे: जर्मन ३, इंग्रजी २, गणित २, भौतिकशास्त्र १, इतिहास ३. बेरीज ११, पाच विषयांची सरासरी २.२. आता २.२ मधून १ वजा केला की १.२. त्याला ३ ने भागलं की ०.४. गुणिले ६५ म्हणजे २६. शंभरातून २६ गेले, उरले ७४.

म्हणजे ७४ टक्के. हाच हिशोब सीबीएसईचं ३३ पासिंग धरून केला तर ७३.२ येतात. रिझल्ट तोच, पण टक्के बदलले.

पण खरी गोची पुढे आहे

रिझल्टवर छापलेला ग्रेड पूर्णांकात असतो. वर्षभराची कामगिरी साधारण १.५ ते २.४ यांच्या मध्ये कुठेही असली, तरी कागदावर २ च येतो. सूत्रात १.५ घातले तर ८९ टक्के येतात आणि २.४ घातले तर जवळपास ७०. म्हणजे एकट्या "२" या आकड्याच्या पोटात जवळपास २० टक्क्यांचा फरक लपलेला असतो. पाच विषयांच्या सरासरीत तो थोडा कमी होतो, पण नाहीसा होत नाही.

आणि आपल्याकडे अकरावीची मेरिट लिस्ट ठरते दशांशावर! त्यामुळे "७३.२ की ७४" हा वाद त्या कागदाच्या जोरावर सुटूच शकत नाही. तेवढी बारीक माहिती त्यात नसतेच.

दुसरी अडचण मार्क देण्याच्या सवयीची. अबिटूरची सरासरी जर्मनीत राज्यानुसार साधारण २.१ ते २.५ च्या आसपास असते. म्हणजे २.२ मिळवणारं मूल तिथे मागे पडलेलं नसतं. आपल्याकडच्या मोठ्या कॉलेजांच्या ९० च्या पुढच्या कटऑफसमोर मात्र ७४ हा आकडा बिचारा वाटतो. सूत्र फक्त दोन मोजपट्ट्यांची टोकं जुळवतं. मधे किती मुलं कुठे उभी आहेत, हे त्याला कळत नाही.

फोटोमुळे होणारे घोळ

- जर्मन हाताने लिहिलेल्या एकच्या आकड्याला वर लांब रेघ असते, त्यामुळे तो आपल्याला सातसारखा दिसतो. त्यांच्या सातच्या मधून आडवी रेघ जाते. पॉइंटमध्ये १ आणि ७ दोन्ही शक्य असतात, त्यामुळे ही रेघ झूम करून बघाच.
- जर्मनीत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. धूसर फोटोत तो गायब झाला की २,३ चे २३ होतात.
- अबिटूरच्या प्रमाणपत्रात काही पॉइंट कंसात असतात. ते अंतिम बेरजेत धरलेले नसतात. फोटो क्रॉप करताना कंस कापला गेला तर हिशोब चुकतो.
- काही राज्यांत वर्तन आणि सहभाग यांचेही शेरे असतात. ते विषय नाहीत, सरासरीत घेऊ नका.

मग ऑफिसला द्यायचं काय?

नुसता "७४ टक्के" असा आकडा देऊ नका. एका कागदावर तीन रकाने करा: मूळ ग्रेड जसाच्या तसा, त्याचा जर्मन व्यवस्थेतला अर्थ, आणि अंदाजे टक्के. खाली सूत्र आणि पासिंग किती धरलं ते लिहा. शाळेचा प्रकारही नोंदवा, कारण गिम्नाझियम या विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेतला २ आणि इतर शाळेतला २ यांचा अभ्यासक्रम सारखा नसतो.

आणखी एक. समकक्षतेचं प्रमाणपत्र मिळतं, पण समकक्षता म्हणजे ती परीक्षा आपल्या कोणत्या पातळीची, हे ठरवणं. टक्के कसे मोजायचे हा वेगळा प्रश्न आहे. त्यामुळे कॉलेजला आधीच विचारा, "तुमच्याकडे रूपांतराची पद्धत कोणती?" त्यांची पद्धत वेगळी असेल तर त्यांचाच आकडा चालतो, आपला नाही. आणि उत्तर लेखी घ्या. यादी लागल्यावर दाद मागायची वेळ आली, तर तोच कागद उपयोगी पडतो.